दर शनिवारी सव्वासातला लाइव्ह का अडखळायचं : फ्रेम नेमक्या कुठे गळतात ते शोधताना

नारायण पेठेतल्या एका जुन्या, जाड भिंतींच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी शास्त्रीय संगीताची बैठक होते. आत ऐंशी-नव्वद माणसं मावतात. त्याहून जास्त मंडळी घरून यूट्यूबवर ऐकतात. दोन जिने चढणं आता जमत नाही असे जुने श्रोते त्यात बरेच आहेत. हे लाइव्ह मी सांभाळतो. सुमारे दोन महिने आमचं लाइव्ह ठरावीक वेळेला बिघडत होतं आणि मी तेवढेच दिवस चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करत होतो. कुणाकडे असाच त्रास चालू असेल तर त्यांचे आठवडे वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

त्रास असा होता. सहाला बैठक सुरू. तासभर चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. सात-दहाला मध्यंतर, सात-वीसला दुसरं सत्र. सव्वासातच्या सुमारास चित्र गोठायला लागायचं. गायकाचा हात वर गेलेला तसाच थांबायचा आणि एकदम खाली दिसायचा. आवाज बऱ्याचदा चालू असायचा, पण घरच्यांच्या स्क्रीनवर मधेच ते गोल फिरणारं चाक यायचं. सात-पंचविसानंतर सगळं आपोआप ताळ्यावर. म्हणजे दुसऱ्या सत्रातल्या रागाची सुरुवात, जी ऐकायला लोक खास बसलेले असतात, तीच नेमकी खराब व्हायची.

माझा पहिला संशय लॅपटॉपवर. तासभर चालून तापत असेल असं वाटलं. खाली पंखेवाला स्टँड ठेवला, लाइव्ह ज्यातून पाठवतो त्या ओबीएस या प्रोग्रॅममधला चित्र दाबण्याचा प्रीसेट `veryfast` वरून `superfast` केला, चित्र जरा भुरकट झालं आणि अडखळणं जसंच्या तसं राहिलं. चूक अशी झाली की औषध आधी दिलं आणि दुखतंय कुठे ते विचारलंच नाही. ओबीएस ते स्वतःच सांगत असतं.

तीन आकडे, तीन वेगळे आजार

ओबीएस एका फ्रेमवर, म्हणजे चालत्या चित्रातल्या एका स्थिर चित्रावर, एकामागोमाग तीन कामं करतं. आधी कॅमेरा, नावाची पट्टी, लोगो असं सगळं एकत्र करून चित्र रचतं. मग ते चित्र दाबून लहान करतं, म्हणजे एन्कोड करतं. मग ते इंटरनेटवरून यूट्यूबकडे पाठवतं. या तिन्ही ठिकाणी फ्रेम हरवू शकते आणि तिन्हींचा हिशेब वेगळा ठेवलेला असतो. `View` मेनूत `Stats` उघडा. तिथे `Frames missed due to rendering lag`, `Skipped frames due to encoding lag` आणि खाली आउटपुटच्या तक्त्यात `Dropped Frames (Network)` असे तीन आकडे दिसतील. बोलताना आपण तिन्हींना सरसकट ‘फ्रेम ड्रॉप’ म्हणतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

पहिला आकडा वाढत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे. सीनमध्ये गरजेपेक्षा जास्त गोष्टी लावल्या असतील किंवा त्याच मशीनवर दुसरं काहीतरी जड चालू असेल. विंडोजवर ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं तर ग्राफिक्स कार्डाच्या रांगेत त्याला पुढे जागा मिळते आणि बऱ्याच वेळा तेवढ्याने भागतं.

दुसरा आकडा वाढला तर एन्कोडर मागे पडतोय. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण ३३ मिलिसेकंद. तेवढ्यात ती दाबून झाली नाही की पुढची सोडून द्यावी लागते. तेव्हा खालच्या पट्टीवर `Encoding overloaded!` असा इशाराही येतो. मशीनमध्ये एनव्हीडियाचं कार्ड असेल तर एनव्हीएन्क आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर क्विकसिंक निवडा, म्हणजे मुख्य प्रोसेसरवरचा भार उतरतो. तेही नसेल तर हलका प्रीसेट घ्या किंवा १०८० वरून ७२० वर या.

तिसरा आकडा वाढत असेल तर लॅपटॉपचा काही दोष नाही. त्याने फ्रेम तयार केली, दाबली, पाठवायला ठेवली, पण पुढे रस्ता मोकळा मिळाला नाही. आमच्याकडे पहिले दोन्ही आकडे शून्याच्या आसपास होते आणि तिसरा सव्वासातला धावत सुटायचा. म्हणजे प्रीसेट बदलून काही होणार नव्हतंच. उलटही तितकंच खरं आहे : एन्कोडर मागे पडत असताना नुसता बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा माल, कमी केला तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

कार्यक्रम चालू असताना आकड्यांकडे बघत बसायला सवड नसते. त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे लाइव्हबरोबरच लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही चालू ठेवणं. नेटवर्कमुळे गळणाऱ्या फ्रेम फक्त बाहेर जाणाऱ्या प्रवाहातून गळतात, रेकॉर्डिंगमध्ये त्या शाबूत असतात. दुसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी लावून बघा. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि यूट्यूबवरचं अडखळतंय, तर दोष नेटचा. रेकॉर्डिंगसुद्धा अडखळतंय, तर दोष मशीनचा. रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये ठेवा. वीज गेली किंवा लॅपटॉप मधेच बंद पडला तरी तोवरचा भाग हाताशी राहतो. अशा वेळी साधी एमपी४ बहुतेक वेळा उघडतच नाही.

आणि एक तिसरी शक्यताही लक्षात ठेवा. तिन्ही आकडे शून्य आहेत, रेकॉर्डिंगही उत्तम आहे, तरी एखादे काका फोन करून सांगतायत की अडकतंय. अशा वेळी स्वतःच्या फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लाइव्ह उघडून बघा. तुम्हाला नीट दिसत असेल तर अडचण बहुधा त्यांच्या घरच्या नेटची आहे, आणि तुमच्या सेटिंगला हात लावायचं कारण नाही.

३.९ टक्के म्हणजे किती

लाइव्ह बंद केल्यावर ओबीएसच्या लॉगमध्ये हिशेब लिहिला जातो. `Help` मेनूत `Log Files` खाली तो सापडतो. आमच्या एका शनिवारची ओळ ही :

```
Output 'adv_stream': Number of dropped frames due to insufficient bandwidth/connection stalls: 9126 (3.9%)
```

३.९ टक्के वाचून मला सुरुवातीला हायसं वाटलं होतं. शंभरातल्या चार फ्रेम गेल्या, त्यात काय एवढं, असं वाटलं. पण ही सरासरी पूर्ण कार्यक्रमाची आहे. सहा ते आठ-दहा म्हणजे १३० मिनिटं, सेकंदाला ३० फ्रेम, एकूण २,३४,००० फ्रेम. त्यातल्या ९,१२६ गेल्या. आता त्या गेल्या कधी, तर जवळजवळ सगळ्या सात-चौदा ते सात-सव्वीस या बारा मिनिटांत. बारा मिनिटांत फ्रेम असतात २१,६००. म्हणजे त्या वेळात शंभरातल्या बेचाळीस फ्रेम गळत होत्या आणि उरलेल्या दोन तासांत जवळजवळ एकही नाही. टक्केवारीवरून बिघाड केवढा आहे ते कळत नाही. तो कधी होतो ते घड्याळ लावून टिपायला लागतं. मी दर पाच मिनिटांनी ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडा वहीत लिहिला तेव्हा हे दिसलं.

बेचाळीस टक्के फ्रेम जातात म्हणजे नक्की काय होतं, हेही समजून घेण्यासारखं आहे. यूट्यूबकडे चित्र आरटीएमपी नावाच्या पद्धतीने जातं आणि ती टीसीपीवर चालते. टीसीपीमध्ये पाठवलेलं प्रत्येक पाकीट पोहोचल्याची पोच यावी लागते. पोच उशिरा आली की पुढचा माल ओबीएसच्या दारात साठत जातो. साठा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, आणि ही मर्यादा एका सेकंदापेक्षाही कमी असते, की ओबीएस फ्रेम टाकून द्यायला लागतं, नाहीतर लाइव्ह मागे मागेच पडत जाईल. आवाज ते टाकत नाही, फक्त चित्र टाकतं. म्हणून चित्र गोठलेलं आणि गाणं चालू, हे नेटवर्कच्या गळतीचं ठळक लक्षण आहे. शिवाय बहुतेक फ्रेम पूर्ण चित्र नसतात, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच त्यात असतं. मधली एक टाकली की तिच्यावर विसंबलेल्या पुढच्याही निरुपयोगी होतात. पुढची कीफ्रेम, म्हणजे पूर्ण चित्र असलेली फ्रेम, येईपर्यंत थांबावं लागतं. कीफ्रेम दोन सेकंदांनी ठेवली असेल तर चित्र दोनेक सेकंदांत सावरतं. म्हणून `Keyframe Interval` मध्ये 2 लिहा, शून्यावर सोडू नका.

आमच्याकडचं खरं कारण

कोडं असं होतं की आमच्याकडे अपलोड भरपूर होता. दुपारी तीनला, रिकाम्या सभागृहात स्पीड टेस्ट केली की २२ एमबीपीएस दाखवायची. लाइव्हचा बिटरेट तेव्हा ६००० केबीपीएस, म्हणजे ६ एमबीपीएस. साडेतीन पटीहून जास्त जागा असताना गळती कशी?

उत्तरासाठी दोन काळ्या खिडक्या उपयोगी पडल्या. विंडोजमध्ये `cmd` दोनदा उघडायचं. एकात आपल्या राऊटरला पिंग लावायचं, दुसऱ्यात बाहेरच्या एखाद्या पत्त्याला.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

राऊटरचा पत्ता तुमच्याकडे वेगळा असू शकतो. `ipconfig` लिहिलं की `Default Gateway` समोर दिसतो. पिंगमध्ये बघायचं एवढंच : उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात आणि तो आकडा कधी फुगतो.

पहिल्या शनिवारी लॅपटॉप वायफायवर होता. सभागृह रिकामं असताना राऊटरचं उत्तर २ मिलिसेकंदांत यायचं. माणसं भरली आणि दीडशेच्या वर उड्या सुरू झाल्या. राऊटर त्याच खोलीत, तरी एवढा वेळ, म्हणजे हवेतच गर्दी होती. माणसांची शरीरंही वायफाय अडवतात आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन त्याच चॅनलवर बोलत असतो. कार्यक्रमाच्या दुपारी रिकाम्या खोलीत केलेल्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही. दुसऱ्या शनिवारी लॅनची वायर ओढली, वीस मीटर, भिंतीच्या कडेने. राऊटरचं उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत आलं आणि पूर्ण संध्याकाळ तिथेच राहिलं. गळती कमी झाली, पण गेली नाही.

आता दुसरी खिडकी बोलायला लागली. ८.८.८.८ चं उत्तर सात-बारापर्यंत सातआठ मिलिसेकंद. मग साठ, मग दोनशे, मग चारशेच्या पुढे. त्याच वेळी राऊटरपर्यंतची वाट एकदम मोकळी. म्हणजे तुंबलंय ते राऊटरमधून बाहेर जाणाऱ्या तोंडाशी. सभागृहातून कुणीतरी प्रचंड काहीतरी वर चढवत होतं.

मी मागे वळून बघितलं तर मध्यंतरात लोक चहाचे कप हातात घेऊन फोन बघत उभे होते. सभागृह सांभाळणारे काका फार प्रेमळ माणूस आहेत. जाड भिंतींमुळे आत मोबाइलची रेंज येत नाही, लोकांची अडचण होते, म्हणून त्यांनी वायफायचा पासवर्ड फळ्यावर खडूने लिहून ठेवला होता. पहिलं सत्र चालू असताना फोन खिशात. मध्यंतर झालं की लोक वायफाय जोडणार, गाण्याचा काढलेला तुकडा घरच्या ग्रुपवर पाठवणार. त्यातच फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप. तो बहुतेक फोनमध्ये वायफायची वाट बघत बसलेला असतो आणि जोडणी झाली की मालकाला न विचारता सुरू होतो.

हिशेब केला तर वेळही जुळते. फोनवर काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ सहज शंभर एमबीच्या आसपास जातो. वीस जणांनी एकेक चढवला तर २,००० एमबी. एमबीचे मेगाबिट करायला आठने गुणायचं, झाले १६,०००. ते २२ एमबीपीएसच्या लाइनवरून जायला, सगळी लाइन त्यांनाच दिली तरी, ७२७ सेकंद लागतात, म्हणजे बारा मिनिटं. आमची गळती बारा मिनिटांचीच होती.

इथे एक बारकावा आहे. ६ एमबीपीएसच्या आमच्या प्रवाहाला निदान स्वतःचा वाटा तरी मिळायला हवा होता ना? तसा मिळत नाही. साधा राऊटर सगळ्यांची पाकिटं एकाच रांगेत लावतो. फोनवाल्यांची पाकिटं शेकड्याने पुढे उभी, आमचं मागे. पाकीट हरवत नाही, पण चारशे मिलिसेकंद उशिरा निघतं, पोचही तेवढीच उशिरा येते आणि ओबीएसच्या दारातला साठा मर्यादा ओलांडतो. स्पीड टेस्टमध्ये दिसतो तो लाइनचा वेग. रांग किती लांब आहे ते पिंगमध्ये दिसतं.

काय बदललं

काकांना फळ्यावरचा पासवर्ड पुसायला सांगणं सोपं होतं, पण आत रेंज नाही ही लोकांची अडचण खरी आहे. एखाद्या आजींना घेऊन जायला नातू येणार असतो, त्याला फोन लागायला हवा. म्हणून राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढलं आणि त्याच्या अपलोडवर ४ एमबीपीएसची मर्यादा घातली. मेसेज जातात, फोन लागतो, व्हिडिओ हळूहळू चढतात. मूळ नेटवर्कचा पासवर्ड बदलला आणि तो फक्त काकांकडे आणि माझ्याकडे आहे. तुमच्या राऊटरमध्ये अशी मर्यादा घालायची सोय नसेल तर निदान कार्यक्रमापुरतं पाहुण्यांचं वायफाय बंद ठेवणं हाच उपाय आहे. आमच्या लॅपटॉपवरचं वनड्राइव्हचं सिंक कार्यक्रमाआधी थांबवायची सवयही तेव्हाच लावून घेतली, कारण तेसुद्धा त्याच रांगेत उभं राहतं.

बिटरेट ६००० वरून ४००० वर आणला, १०८० आणि ३० फ्रेम तसेच ठेवून. क्रिकेटच्या मॅचला हे परवडणार नाही, तिथे सगळं चित्र सतत हलतं. बैठकीत मागची भिंत, गालिचा, तानपुरे सगळं स्थिर. हलतात ते गायकाचे हात आणि तबल्यावरची बोटं. अशा चित्राला ४००० पुरतात, आमच्या श्रोत्यांपैकी कुणालाही फरक जाणवला नाही. वाचलेल्यातला थोडा भाग आवाजाला दिला, १२८ वरून १९२. इथे लोक ऐकायला येतात, तर कंजूसपणा चित्रात करावा, आवाजात नाही. रेट कंट्रोल `CBR` ठेवा म्हणजे प्रवाह एकसारखा राहतो. साधा नियम सांगायचा तर कार्यक्रमाच्याच वेळेला, माणसं भरलेली असताना जो अपलोड टिकून राहतो, त्याच्या सत्तर टक्क्यांपुढे बिटरेट नेऊ नये. दुपारची चाचणी या हिशेबात धरू नका.

ओबीएसच्या `Advanced` सेटिंगमध्ये `Dynamically change bitrate to manage congestion` असा एक पर्याय आहे. रस्ता तुंबला की फ्रेम टाकण्याऐवजी तो बिटरेट उतरवतो. चित्र भुरकट होतं पण उड्या मारत नाही. चांगली सोय आहे, पण माझं मत असं की कारण सापडेपर्यंत ती लावू नये. ती चालू असली की ड्रॉपचा आकडा खाली राहतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. शिवाय रेकॉर्डिंग त्याच एन्कोडरवरून होत असेल तर तेही भुरकट होतं, आणि वर सांगितलेली तुलनेची युक्ती हातची जाते.

यूट्यूबच्या बाजूला दोनच गोष्टी बदलल्या. लेटन्सी `Normal` ठेवली. गाण्याच्या बैठकीत प्रेक्षकांशी गप्पा मारायच्या नसतात, त्यामुळे ते काही सेकंद मागे असले तरी बिघडत नाही आणि त्यांच्या फोनला साठवून ठेवायला वेळ मिळतो. `Enable Auto-stop` बंद केलं. ते चालू असताना एकदा नेट तुटलं आणि यूट्यूबने कार्यक्रम संपला असं समजून लाइव्हच बंद केलं. नवी लिंक सगळ्यांना पाठवेपर्यंत अर्धा ख्याल होऊन गेला होता.

मदत मागताना स्ट्रीम की बाहेर जाते

या सगळ्या शोधाशोधीत एक चूक घडली, ती गळतीपेक्षा गंभीर होती. मदतीला येणाऱ्या एका मुलाने सेटिंग बरोबर आहे का हे विचारायला स्क्रीनचा फोटो काढून एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. स्ट्रीम की एरवी ठिपक्यांनी झाकलेली असते, पण त्याने खात्री करायला `Show` दाबलेलं होतं. आमची की अक्षरन् अक्षर वाचता येत होती.

स्ट्रीम की म्हणजे चॅनलवर प्रक्षेपण करायची किल्ली. ती ज्याच्याकडे आहे त्याला तुमचा गूगलचा पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही. तो त्याच्या घरच्या ओबीएसमध्ये ती चिकटवून तुमच्या चॅनलवर काहीही दाखवू शकतो, आणि त्याचा दंड मात्र तुमच्या चॅनलला बसतो. ग्रुपवरचा फोटो काढून टाकणं पुरेसं नाही, तो तोवर कुणाच्या फोनमध्ये उतरला ते आपल्याला कळत नाही. यूट्यूब स्टुडिओच्या लाइव्ह पानावर की समोर `Reset` आहे, ते दाबायचं. जुनी त्या क्षणी निकामी होते. मग नवी की ओबीएसमध्ये घालायची. फक्त हे लाइव्ह चालू असताना करू नका, नाहीतर आपलंच प्रक्षेपण तुटतं.

की गुपचूप बाहेर जाण्याची दुसरी वाट बऱ्याच जणांना माहीत नसते. मित्राला ‘माझी सेटिंग पाठवतो’ म्हणून ओबीएसचं प्रोफाइल एक्स्पोर्ट करून पाठवलं तर त्या फोल्डरमध्ये `service.json` नावाची फाइल असते आणि तिच्यात की साध्या मजकुरात लिहिलेली असते. नोटपॅडमध्ये उघडली की दिसते. जुना लॅपटॉप विकताना किंवा दुसऱ्या मंडळाला वापरायला देताना हेच लागू. मदत मागायची असेल तर लॉग पाठवा. त्यात तिन्ही आकडे, एन्कोडर, बिटरेट सगळं असतं आणि की नसते. आणखी एक, सर्व्हिसमध्ये `YouTube - RTMPS` निवडा. साध्या आरटीएमपीवर की उघडी जाते, आणि फळ्यावर पासवर्ड लिहिलेल्या वायफायवर तर ते अजिबात नको. ओबीएसमधूनच यूट्यूबचं खातं जोडलं तर की हाताळायची वेळच येत नाही. आम्ही आता तसंच करतो.

अजून न सुटलेलं

बदल केल्यानंतरच्या पहिल्या तीन शनिवारी लॉगमध्ये अनुक्रमे शून्य, एक्केचाळीस आणि शून्य फ्रेम ड्रॉप झालेल्या आहेत. एक्केचाळीस म्हणजे सव्वा सेकंदाच्या आसपास, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण लाइनच तुटली तर यातलं काहीच कामाला येत नाही. रस्ता खोदताना केबल तुटणं आपल्याकडे नवीन नाही. तेव्हा ड्रॉपचा आकडा वाढत नाही, ओबीएस सरळ पुन्हा जोडायचा प्रयत्न करत राहतं. त्यासाठी खिडकीजवळ, जिथे रेंज येते तिथे, एक फोन ठेवलेला असतो, यूएसबीने लॅपटॉपला जोडायला तयार. ४००० अधिक १९२ या दराने १३० मिनिटांना साधारण ४.१ जीबी लागतात, म्हणजे दिवसाला २ जीबीवाला प्लॅन तासाभरातच संपतो. हे आम्हाला प्रत्यक्ष वेळ यायच्या आधी कागदावर कळलं, म्हणून वेगळा डेटा भरून ठेवला.

गणपतीच्या दिवसांत मात्र हाही आधार राहत नाही. लक्ष्मी रस्त्यावर देखावे बघायला गर्दी लोटली की पेठेतल्या टॉवरवर इतके फोन असतात की रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि अपलोड अर्धा एमबीपीएसही मिळत नाही. त्या काळात बैठक असेल तर बिटरेट १५०० आणि ७२० असं दुसरं प्रोफाइल तयार ठेवतो. तेही नाही चाललं तर लाइव्ह थांबवतो, घरच्या श्रोत्यांना ग्रुपवर तसं कळवतो, आणि लॅपटॉपवर झालेलं रेकॉर्डिंग घरी जाऊन त्याच रात्री चढवतो.